माठातलं पाणी आणि मोठी माणसं

मंडळी, प्रौढांच्या रात्रवर्गात शिकवण्यासाठी मला एकदा विज्ञानाचा एक धडा मिळाला. तो असा होता: ‘पाण्याचे इवलेसे थेंब माठाच्या छोट्या छोट्या खिडक्यांतून हळूच बाहेर येतात. वारेदादा म्हणतो, चला फिरायला! थेंब भुर्रकन उडून जातात आणि माठाला गार गार वाटतं. आहे की नाही गंमत?’

समोर बसलेल्या बायका वीस-पंचवीस उन्हाळे माठ भरत आलेल्या. एकीनं विचारलं, “सर, मग पावसाळ्यात पाणी तेवढं गार का होत नाही?” धड्यापाशी उत्तर नव्हतं. खरं कारण उष्णता, आणि तिचा तर त्यात उल्लेखच नाही.

धडा सुधारायला बसलो तेव्हा माझी पहिली चूक झाली. ‘वारेदादा’ काढला आणि लिहिलं, ‘बाष्पीभवनासाठी आवश्यक सुप्त उष्णता पृष्ठभागातून शोषली जाते.’ भाषा मोठ्यांची झाली, पण पावसाळ्याचा प्रश्न होता तिथेच राहिला.

मग मी तो प्रश्नच कसोटी धरला आणि पुन्हा लिहिलं: ‘भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी पाझरून माठाच्या बाहेरच्या अंगावर येतं आणि तिथे त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती मुख्यतः माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून आतलं पाणी गार होतं. याला बाष्पीभवन म्हणतात. पावसाळ्यात हवेत आधीच भरपूर बाष्प असतं, त्यामुळे माठावरचं पाणी सावकाश उडतं आणि पाणी फारसं गार होत नाही.’

वाक्यं साधीच आहेत. ‘बाष्पीभवन’ हा शब्दही ठेवलाय, फक्त गोष्ट समजल्यावर आणलाय. मोठ्या माणसाला अवघड शब्दाचं भय नसतं, त्याला तो विनाकारण अंगावर आलेला आवडत नाही.

एक आकडाही घातला, कारण घर चालवणारी माणसं मापात विचार करतात. दहा लिटर पाणी 10 अंशांनी गार करायला साधारण 170 मिलिलिटर पाणी उडून जावं लागतं, म्हणजे जवळपास एक पेलाभर. प्रत्यक्षात जास्तच, कारण बाहेरची गरम हवा माठाला सतत तापवत असते. हे वाचल्यावर एक बाई म्हणाल्या, “म्हणूनच रात्री काठोकाठ भरलेला माठ सकाळी थोडा उतरलेला असतो.” धड्यातली गोष्ट त्यांनी स्वतःच्या घरात ताडून पाहिली होती.

मागच्या बाकावरच्या आजी तोवर गप्प होत्या. “मुलानं हौसेनं माठाला ऑइलपेंट लावला, तेव्हापासून पाणी गार होईना,” त्या म्हणाल्या. “म्हणजे रंगानं छिद्रं बुजली.” धड्यात रंगाबद्दल एक शब्दही नव्हता.