गटारीनंतरचे तीन दिवस : दारू एकदम बंद केली की अंग का थरथरतं?

नमस्कार. श्रावण लागला की अनेक जण बाटली बाजूला ठेवतात. अधूनमधून पिणाऱ्याला काही होत नाही. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली, तर जिवावर बेतू शकतं.

असं समजा, एक शिंपीकाका आहेत. रोज तीन क्वार्टर, म्हणजे ५४० मिली. शेवटचा पेग रविवारी रात्री ११ वाजता.

सोमवारी सकाळी सातला बशीतला चहा सांडतो, हात स्थिर राहत नाही. दुपारी पंख्याखाली बसूनही बनियन घामाने चिंब. छातीत धडधड, मळमळ, उगाचच भीती. घरचे म्हणतात, "सवय सुटतेय, होईल ठीक."

आत काय चाललंय? रस्सीखेच आठवा. दारू रोज मेंदूला मंद करायला ओढत होती. जागं राहायचं म्हणून मेंदूने उलट्या बाजूने जोर वाढवत नेला. आता दारूने दोर एकदम सोडला. मेंदूचा जोर मात्र तसाच आहे, तो ओसरायला दिवस लागतात. थरथर, घाम, धडधड हा त्याच मोकाट जोराचा परिणाम.

मंगळवारी दुपारी काकांना फिट येते. पहिल्या ४८ तासांत हा धोका मोठा, आणि आधी थरथर फारशी नसली तरी फिट येऊ शकते. अशा वेळी कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

बुधवारी रात्री काका हवेत सुईत दोरा ओवायला लागतात. भिंतीवर मुंग्या दिसतात, मुलाला ओळखत नाहीत, अंग तापलेलं. हा डिलीरियम. साधारण दोन ते चार दिवसांत येतो. "बाहेरचं झालंय" म्हणून अंगारा लावायला नेतात ती हीच वेळ, आणि नेमकी हीच जीव जाण्याची. सरळ हॉस्पिटल गाठा.

याआधी दारू सोडताना फिट किंवा असा भ्रम झाला असेल, किंवा सकाळी हात थांबवायलाच घोट लागत असेल, तर घरी सोडायचा प्रयत्न नकोच. आधी डॉक्टर, मग तारीख. तोवर एकदम शून्यावर येऊ नका, नेहमीपेक्षा जास्तही पिऊ नका. लक्षणं सुरू झालीच असतील, तर मात्र घोट घेऊन घरी थांबू नका, दवाखान्यात जा.

तिथे क्लोरडायझेपॉक्साइडसारखी मेंदू शांत करणारी गोळी पहिल्या दिवशी जास्त, मग रोज कमी करत साधारण आठवडाभरात बंद करतात. लिव्हर खराब असेल तर गोळी बदलतात. म्हणूनच शेजाऱ्याची झोपेची गोळी आणून देऊ नका. वर दारू गेली तर श्वासच मंदावतो.

आणि ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी डॉक्टरांना सांगा, "हे रोज पितात, जेवण नीट नाही." मग ते आधी थायामिनचं, म्हणजे बी-१ चं इंजेक्शन देतील. शरीरात ते संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं, तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.