शेवटचा दिवस कोणता लिहिला आहे?

(चाकण परिसरातल्या एका कारखान्यात नोकरी सोडून जाणाऱ्या कामगार-कर्मचाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, राजीनामा मंजूर झाला की बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: "सर, पीएफ काढू की ठेवू?" माझं उत्तर: काढू नका, नव्या कंपनीच्या खात्यात वळवा. पण त्याहून आधी आपली कामावरची शेवटची तारीख पोर्टलवर बरोबर पडली आहे का, ते बघा.

पीएफच्या मेंबर पोर्टलवर 'View' मध्ये 'Service History' उघडा. तिथे बाहेर पडण्याच्या दोन तारखा असतात, एक पीएफची आणि एक पेन्शनची. त्या कंपनीनं भरायच्या असतात. दोन महिने उलटूनही भरल्या नसतील, तर 'Manage' मधल्या 'Mark Exit' मधून तुम्ही स्वतः भरू शकता. मात्र घाईनं भरू नका. आपल्या नावावर शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा जमा झाला, ते पासबुकात पाहून मगच तारीख टाका.

नव्या ठिकाणी रुजू होताना आपला जुना यूएएन सांगा. 'पूर्वी पीएफ नव्हता' असं अर्जावर चुकून लिहिलं गेलं, तर दुसरा यूएएन तयार होण्याचा धोका असतो. मग आधी दोन्ही एकत्र करण्याची खटपट, आणि त्यानंतर ट्रान्सफर.

आता पेन्शनकडे येतो, कारण खरा घोटाळा इथेच होतो. कंपनीच्या बारा टक्क्यांतला 8.33 टक्के हिस्सा पेन्शन योजनेत जातो, तोही पंधरा हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये. ट्रान्सफर झाल्यावर पासबुकात तुमचा हिस्सा आणि कंपनीचा हिस्सा नव्या खात्यात आलेला दिसतो, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य! ते पाहून लोक घाबरून फोन करतात. घाबरण्याचं कारण नाही. पेन्शनमध्ये पैसे सरकत नाहीत, तुमची नोकरीची वर्षं सरकतात. म्हणून त्या रकान्यापेक्षा, जुन्या नोकरीचा काळ नव्या नोंदीत धरला गेला का, हे तपासा.

एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थांनी पहिल्या कंपनीत 6 वर्षं 3 महिने काढले, दुसरीत 4 वर्षं. मधे हाताशी पैसा हवा म्हणून त्यांनी पीएफबरोबर पेन्शनचीही रक्कम उचलली, असं धरा. नव्वद हजारांच्या वर काहीतरी मिळालं. पण त्यासोबत ती सहा वर्षं पुसली गेली. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. त्यांच्या खाती उरली चार. तीच वर्षं पुढे नेली असती, तर एकूण 10 वर्षं 3 महिने झाले असते आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापासून हयातभर पेन्शन सुरू झालं असतं. सूत्र सोपं आहे: पेन्शनचा पगार गुणिले वर्षं, भागिले 70. पंधरा हजार आणि दहा वर्षं धरली तर महिन्याला सुमारे 2,143 रुपये. रक्कम मोठी नाही, हे मलाही मान्य आहे. पण ती दरमहा येते, आणि सभासदाच्या मागे पती-पत्नीलाही कुटुंब पेन्शन मिळतं. नव्वद हजार मात्र दोन सणांत संपतात.

कराचाही एक मुद्दा आहे. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागू शकतो. वळवला तर जुनी वर्षं या पाच वर्षांत मोजली जातात.

आता आरोग्य विमा. कंपनीच्या समूह पॉलिसीचं छत्र साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी संपतं. ते नव्या कंपनीकडे 'वळत' नाही. तिथे तिची स्वतःची पॉलिसी असते. समजा तुम्ही 31 मे रोजी बाहेर पडलात आणि 16 जूनला रुजू होणार आहात. आईच्या मोतीबिंदूची तारीख 5 जून. त्या पंधरवड्यात तुम्ही कोणाच्याच पॉलिसीत नाही. शस्त्रक्रिया टाळता येण्यासारखी असेल, तर ती 31 मेच्या आत उरका किंवा नव्या पॉलिसीत आईचं नाव चढल्याची खात्री झाल्यावर करा. 'नाव चढल्याची' असं मुद्दाम म्हणतो, कारण अनेक कंपन्यांत आई-वडील आपोआप येत नाहीत. रुजू झाल्यावर ठरलेल्या मुदतीत नोंदवावे लागतात.

आईला मधुमेह असेल तर आणखी एक वाट आहे. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. आजवर समूह पॉलिसीत काढलेला काळ तिथल्या प्रतीक्षा काळातून वजा होतो, तोही जुन्या विमा रकमेपुरताच. नवी पॉलिसी कोरी घेतली, तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तब्येत तपासून विमा कंपनी नकारही देऊ शकते. म्हणून एचआरकडून पॉलिसी क्रमांक आणि तुम्ही कधीपासून त्यात होतात, याचा कागद नोटीस काळातच मागा, आणि छत्र संपण्याच्या पुरेसं आधी अर्ज द्या. तो दिवस उलटल्यावर ही वाट बंद होते.

चला, आता ज्यांच्याकडे फोनवर पासबुक उघडं आहे त्यांनी पुढे या, एकेकाच्या तारखा पाहू.