आखाजीच्या घागरीवर नारळ

ही बघा आमच्या घरची आखाजीची घागर. लाल मातीची, नवीकोरी, पाण्याने भरलेली, वर छोटं डेरगं, त्यावर खरबूज, सोबत सांजोरी आणि दोन आंबे. अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात, आणि ही घागर भरायची ती घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने.

आता गोष्टीकडे येतो. तालुक्यातल्या एका कथास्पर्धेच्या गोष्टी माझ्याकडे वाचायला आल्या होत्या, त्यातली एक आखाजीवरच होती, भाषा एकदम गुळगुळीत, एक चूक नाही शुद्धलेखनाची. पण घागरीवर नारळ आणि आंब्याची पानं! म्हणजे ती पूजेचा कलश झाली. नवी नवरी सासरीच पोळ्या लाटत बसलेली, तिला घ्यायला मुराळी येतच नाही, आणि आमच्याकडे तर आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. खापराची पोळी पोळपाटावर लाटून तव्यावर टाकली होती. अहो ती लाटत नाहीत, ती दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठी करायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायची.

एवढ्यावरून ही गोष्ट एआयच्या मशीनने लिहिली असं मी म्हटलं नसतं. पुण्यामुंबईत वाढलेल्या माणसालाही हे माहीत नसू शकतं, त्याने त्याच्या घरचाच सण लिहिला असेल. मला खटकली ती गोष्टीतली सुमन. पहिल्या पानावर ती बाबांची बहीण, म्हणजे आत्या, अहिराणीत फुई. दुसऱ्या पानावर मुलगी तिला मावशी म्हणते, आणि शेवटी आई तिला हाक मारते, "जाऊबाई, पाणी द्या." बाबांची बहीण आईची नणंद लागते, जाऊ कशी होईल?

माणूस चुकला तर सहसा एकच चूक शेवटपर्यंत करतो, कारण त्याच्या डोळ्यासमोर ती बाई उभी असते. मशीनसमोर बाई नसते, ते मागचे शब्द बघून पुढे कोणता शब्द शोभेल तो घालत जातं, आणि ते शिकलंय बरंचसं इंग्रजीतून, जिथे आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्यांना एकच आंटी. म्हणून मी अशी गोष्ट वाचताना आता कागदावर नात्यांचं झाड काढतो, प्रत्येक हाक कोण कोणाला मारतंय ते लिहितो. तरी हा नुसता संशय, पुरावा नाही, मशीनला सगळं नीट सांगितलं तर तेही बरोबर लिहितं.

म्हणून मी ती गोष्ट पाठवणाऱ्या पोराला फोन केला, ओरडलो नाही, एवढंच विचारलं, तुझ्या घरी घागरीवर काय ठेवतात रे? तो लगेच म्हणाला, "खरबूज." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सर, गोष्ट मोबाईलवरून काढली, मी फक्त नावं बदलली."