उभ्या राहणाऱ्या प्लांटवरचं व्याज: ताळेबंदात किती आणि नफ्यातोट्यात किती?
(लेखापरीक्षणाच्या प्रशिक्षणार्थींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सीडब्ल्यूआयपी, म्हणजे अजून पूर्ण न झालेलं भांडवली काम. त्याचं ऑडिट म्हटलं की आपण बिलांच्या फाइली उघडतो. बिलं तपासायलाच हवीत, पण सर्वांत मोठी चूक बहुतेक वेळा व्याजाच्या तक्त्यात सापडते. म्हणून आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे. हिशेब 'इंड एएस २३' या लेखा मानकाप्रमाणे आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एक कंपनी रसायनांचा प्लांट उभारते आहे. काम १ एप्रिलला सुरू झालं आणि हे त्याचं पहिलंच वर्ष आहे. खास या प्लांटसाठी ९.६ टक्क्यांचं मुदत कर्ज आहे. त्यातले ६० कोटी १ एप्रिलला उचलले, ४० कोटी १ ऑक्टोबरला. त्याच १ ऑक्टोबरला आणखी २० कोटी कंपनीने आपल्या सर्वसाधारण कर्जांच्या पैशातून यंत्रांच्या पुरवठादारांना दिले. वर्षअखेरीस व्याज धरण्याआधी सीडब्ल्यूआयपी १२६ कोटी दिसते.

कंपनीचा तक्ता असा होता. मुदत कर्जाचं पूर्ण व्याज ७.६८ कोटी. मग १२६ मधून १०० वजा केले, उरले २६ कोटी, त्यावर कॅश क्रेडिटच्या १०.२ टक्के दराने वर्षभराचं व्याज २.६५ कोटी. एकूण १०.३३ कोटी प्लांटच्या किमतीत. बेरीज-गुणाकार बरोबर आहेत, पण तक्ता चुकीचा आहे.

पहिली गोष्ट, सीडब्ल्यूआयपीची शिल्लक हा व्याजाचा पाया होऊच शकत नाही. व्याज लागतं ते प्रत्यक्ष गेलेल्या पैशावर. १२६ कोटींत ठेकेदारांच्या बिलांतून राखून ठेवलेलं रिटेन्शन आणि न दिलेली बिलं मिळून १४ कोटी आहेत. ती देणी बिनव्याजी आहेत, त्यामुळे त्यांच्यावर कंपनीचा एक रुपयाही गुंतलेला नाही. उलट यंत्रांसाठी दिलेली ८ कोटींची आगाऊ रक्कम खात्यातून गेलेली आहे, पण कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ प्रमाणे ती ताळेबंदात सीडब्ल्यूआयपीत न दाखवता इतर दीर्घकालीन मालमत्तांत दाखवतात. म्हणजे १२६ वजा १४ अधिक ८, हे झाले १२० कोटी. कर्ज १०० आणि सर्वसाधारण निधी २० यांच्याशी हा आकडा जुळतो. ही जुळणी बँकेच्या खातेउताऱ्यावरून तारीखवार करून घ्या. ती जुळल्याशिवाय व्याजाला हात लावू नका. आणि वर्षअखेरची शिल्लक पूर्ण बारा महिन्यांनी गुणलेली दिसली, की तिथेच थांबा. २० कोटी सहाच महिने गुंतले होते.

दुसरी गोष्ट दराची. कंपनीकडे कॅश क्रेडिट सरासरी ३० कोटी, दर १०.२ टक्के, आणि जुन्या प्लांटचं ५० कोटींचं कर्ज, दर ९ टक्के. 'ते कर्ज जुन्या प्लांटचं, इथे त्याचा काय संबंध?' असं उत्तर हमखास मिळतं. जुना प्लांट वापरासाठी तयार झाला, त्या दिवसापासून त्याचं उरलेलं कर्ज सर्वसाधारण कर्जांच्या गटात येतं. ही तरतूद १ एप्रिल २०१९ पासून स्पष्ट शब्दांत आहे. दोन्ही कर्जांचं वर्षाचं व्याज ४.५० अधिक ३.०६, म्हणजे ७.५६ कोटी. त्याला ८० कोटींनी भागलं की दर येतो ९.४५ टक्के. या गटातून प्लांटवर चढवायचं व्याज गटाच्या प्रत्यक्ष ७.५६ कोटींपेक्षा जास्त होऊ शकत नाही, ही मर्यादाही पाहायची.

एप्रिल ते जून मुदत कर्जातले १० कोटी वापराविना ६ टक्क्यांच्या ठेवीत होते. त्यावर १५ लाख मिळाले आणि कंपनीने ते 'इतर उत्पन्ना'त टाकले. खास कर्जाच्या पैशावरचं असं उत्पन्न त्याच कर्जाच्या व्याजातून वजा होतं. हे शोधायला ठेवींचा तपशील आणि कर्ज उचलल्याच्या तारखा शेजारी ठेवल्या की पुरे.

आता सगळ्यात वादाचा भाग, काम थांबल्याचा काळ. डिसेंबर आणि जानेवारी असे दोन महिने ठेकेदाराशी दरांवरून वाद झाला आणि साइट बंद होती. सक्रिय काम लांबलेल्या काळासाठी खंडित झालं, तर त्या काळाचं व्याज नफ्यातोट्यात जातं. कोकणच्या पावसाळ्यात पायाचं काम मंदावतं, ते यात येत नाही. ती त्या भागातली अपेक्षित अडचण आहे. मानकातही नदीच्या वाढलेल्या पाण्यामुळे रखडणाऱ्या पुलाचं उदाहरण आहे. वादाचं तसं नसतं. तरीही साइटला कुलूप होतं एवढ्यावर निकाल देऊ नका. त्या काळात पुरवठादाराच्या कारखान्यात याच प्लांटच्या रिअॅक्टरची जोडणी चालू असेल आणि टप्प्याटप्प्याचे तपासणी अहवाल तसं सांगत असतील, तर काम खंडित झालं असं म्हणता येणार नाही. आपल्या उदाहरणात रिअॅक्टर नोव्हेंबरातच साइटवर पोचला होता, आणि डिसेंबर-जानेवारीत कुठेही रेखाटन, तपासणी किंवा परवानग्यांचं काम झाल्याची नोंद नाही. पुरावा गेटच्या आवक-जावक नोंदवहीत, ठेकेदाराच्या मजूर हजेरीत आणि चालू बिलांच्या मोजमाप पुस्तकात असतो. व्यवस्थापनाचं लेखी निवेदन त्याची जागा घेऊ शकत नाही. दोन महिने 'लांबलेला काळ' होतात का, यावर मानकात आकडा नाही. अठरा महिन्यांच्या प्रकल्पात नुसत्या वादापायी गेलेले दोन महिने माझ्या मते होतात.

मग नवा हिशेब. मुदत कर्जाचं व्याज ७.६८ कोटी; त्यातून ठेवीचे ०.१५ आणि दोन महिन्यांचे १.६० वजा, उरले ५.९३. सर्वसाधारण निधी २० कोटी, सहातले चार महिने, ९.४५ टक्क्यांनी ०.६३. एकूण ६.५६ कोटी. कंपनीच्या १०.३३ मधून ते वजा केले, तर ३.७७ कोटींनी करपूर्व नफा फुगला होता.

पुढच्या वर्षी प्रश्न असेल व्याज चढवणं कधी थांबवायचं याचा. कंपन्यांना ही तारीख पुढे ढकलायला आवडते, कारण ती आली की व्याज आणि घसारा दोन्ही एकदम नफ्यातोट्यात उतरतात. व्यापारी उत्पादनाची घोषणा ही ती तारीख नव्हे. प्लांट ठरलेल्या वापरासाठी तयार होण्यास लागणारी जवळपास सगळी कामं ज्या दिवशी संपतात, तो दिवस धरायचा. रंगकाम किंवा किरकोळ फेरफार बाकी असले तरी फरक पडत नाही. यांत्रिक पूर्णतेचा दाखला, चाचणी उत्पादनाच्या नोंदी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालवण्याची संमती, वीजबिलातली कमाल मागणी आणि विक्रीयोग्य मालाचं पहिलं ई-वे बिल एकाच कागदावर तारखेप्रमाणे मांडा. जुलैत विजेची मागणी पूर्ण क्षमतेजवळ पोचली, माल ग्राहकाकडे नियमित जाऊ लागला आणि कंपनी मात्र डिसेंबरपर्यंत 'ट्रायल' म्हणत असेल, तर मधल्या महिन्यांचं व्याज परत फिरवायला लावा. प्लांटचा एखादा भाग आधी तयार झाला म्हणून त्याचं व्याज वेगळं थांबवायचं का, तर तो भाग स्वतंत्रपणे वापरता येत असेल तरच. एकामागून एक टप्प्यांनी चालणाऱ्या रसायन प्लांटमध्ये नुसता पहिला रिअॅक्टर तयार होऊन भागत नाही.

परिशिष्ट ३ मधला वयोमानाचा तक्ताही याच कागदांवरून तपासता येतो. एक वर्षापर्यंत, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीनहून जास्त, असे त्यात चार कप्पे असतात. चालू प्रकल्प आणि तात्पुरते थांबलेले प्रकल्प वेगळे दाखवायचे असतात, आणि मूळ योजनेच्या तुलनेत मुदत किंवा खर्च ओलांडलेल्या कामांचा तपशील स्वतंत्र द्यावा लागतो. एखादा प्रकल्प वर्षअखेरीस 'थांबलेला' रकान्यात असेल आणि व्याजाच्या तक्त्यात त्याच महिन्यांचं व्याज किमतीत चढलेलं असेल, तर दोन्हींपैकी एक चुकीचं आहे. बैठकीत जाण्याआधी हे दोन तक्ते एकमेकांसमोर धरून पाहा.