भोंग्यावरचा दिवाळी सेल

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी आठवड्यावर आली की गावोगावच्या बाजारपेठेत रिक्षा फिरू लागतात. टपावर भोंगा आणि भोंग्यातून सेलची जाहिरात. त्या जाहिरातीचा मजकूर बहुतेक दुकानदार स्वतःच लिहितात. आज असा एक मजकूर आपण दुरुस्त करू. दुकान काल्पनिक आहे, म्हणून त्याला नुसतं 'अमुक साडी सेंटर' म्हणू. मजकूर मात्र तुम्हाला ओळखीचा वाटेल. ऐका.

"सर्व ग्राहक बंधू-भगिनींना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, दरवर्षीप्रमाणे याही वर्षी दीपावलीच्या मंगलमय पर्वानिमित्त, गेली तीस वर्षे आपल्या सेवेत कार्यरत असलेल्या, आपल्या विश्वासास पात्र ठरलेल्या अमुक साडी सेंटरमध्ये भव्य दिवाळी महासेलचे आयोजन करण्यात आलेले आहे. या सेलमध्ये पैठणी, सिल्क, कॉटन व डिझायनर साड्या, ड्रेस मटेरियल, लहान मुलांचे कपडे, चादरी व पडदे यांवर पन्नास टक्क्यांपर्यंत सूट देण्यात येत आहे. तसेच प्रत्येक खरेदीवर लकी ड्रॉचे कुपन, आकर्षक भेटवस्तू व पिको-फॉल मोफत. तरी सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार भेट देऊन खरेदीचा आनंद लुटावा, आमच्या फेसबुक पेजला लाईक करावे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सामील व्हावे व अधिक माहितीसाठी फोनवर संपर्क साधावा. अटी लागू."

यात खोटं काही नाही आणि व्याकरणही ठीक आहे. अडचण रिक्षाची आहे. बाजारपेठेत ती ताशी दहा किलोमीटरने चालली, तरी सेकंदाला जवळजवळ 3 मीटर पुढे जाते. शब्द नीट कळतील असं अंतर दोन्ही बाजूंना पंचवीस-तीस मीटर धरा. म्हणजे दारात उभ्या असलेल्या बाईला ती रिक्षा 15 ते 20 सेकंद ऐकू येते. भोंग्यावर सावकाश वाचलं तर सेकंदाला दोन शब्द होतात, म्हणजे तिच्या कानावर तीस-चाळीस शब्दच पडणार. वरचा मजकूर वाचायला पाऊण मिनिट लागतं. त्यातले कुठले चाळीस शब्द तिच्या वाट्याला येतील, हे आपल्या हातात नाही. कोणाच्या दारात "मंगलमय पर्वानिमित्त" येईल, कोणाच्या दारात "चादरी व पडदे". दुकानाचं नाव एकदाच घेतलंय, तेही लांबलचक वाक्याच्या पोटात. पत्ता तर नाहीच.

मग कात्री लावायची कुठे? सुरुवातीचा आनंद आणि तीस वर्षांची सेवा गेली तर कुणाला चुकल्यासारखं वाटणार नाही. पण तेवढ्याने मजकूर नुसता आखूड होतो, नेमका होत नाही. दुकानदाराला विचारायचं, की हे ऐकून माणसाने नक्की काय करायचं? इथे त्याने चार कामं सांगितली आहेत. दुकानात या, पेज लाईक करा, ग्रुपात या, फोन करा. रस्त्यावर पिशवी धरून उभं असलेलं माणूस जाणाऱ्या रिक्षातला दहा आकडी नंबर लिहून घेत नाही. म्हणून फोन, पेज आणि ग्रुप तिन्ही काढले. उरलं दुकानात येणं. पण "भेट द्या" एवढ्यावर कोणी उठत नाही. केव्हा यायचं आणि आजच का, हे कळायला हवं.

ते 'का' मजकुरातच आहे, भेटवस्तूंच्या मागे दडलेलं: पिको-फॉल मोफत. पन्नास टक्के सूट सगळी बाजारपेठ ओरडत असते, आणि "पर्यंत" शब्दाचा अर्थ गिऱ्हाईक चांगलं ओळखून असतं. त्यातून निम्म्या किमतीच्या साड्या कोपऱ्यात चारच असल्या, तर ते आमिष ठरतं. फसव्या जाहिरातींबद्दलच्या 2022 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना अशा आमिषाच्या जाहिरातींबद्दल स्पष्ट बोलतात. म्हणजे पुरेसा माल नसताना टक्क्यांचा आकडा भोंग्यावर फिरवणं धोक्याचंच. पिको-फॉलचं तसं नाही. दिवाळीत साडी मिळते, पण ती नेसायला तयार करून मिळत नाही. पिको करणाऱ्या बाईंकडे गठ्ठे पडलेले असतात.

आता तारीख काढू. भाऊबीज शुक्रवारी आहे असं धरा. गुरुवारी पाडवा, बुधवारी लक्ष्मीपूजन, हे दोन्ही दिवस मशीन बंद. दुकानाचं काम करणाऱ्या बाई दिवसाला वीस साड्या करतात असं समजा. सोमवार आणि मंगळवार मिळून चाळीस झाल्या. म्हणजे रविवारी रात्री दुकान बंद होताना हातात जास्तीत जास्त चाळीस साड्या शिल्लक असतील तरच वचन पाळता येतं. त्याहून जास्त येतील असं वाटलं, तर शनिवारची मुदत द्या किंवा आणखी एक मशीन बसवा. मुदत अशी कामावरून निघाली की ती खरी वाटते. "ऑफर मर्यादित काळासाठी" म्हणणाऱ्याकडे असा हिशोब नसतो, आणि ते ऐकणाऱ्याला कळतं.

पहिला खर्डा असा झाला: "भाऊबीजेची साडी घ्यायची? रविवारपर्यंत घ्या, पिको-फॉल मोफत." बरा आहे, पण बोलतोय कुणाशी? भाऊबीजेची साडी घेणारा भाऊ असतो आणि त्याला पिको-फॉलची चिंता नसते. चिंता नेसणारीला असते. शिवाय साडी वेळेत तयार मिळेल, ही खरी सोय त्यात आलीच नाही. म्हणून पुन्हा लिहिलं.

"अमुक साडी सेंटर, बसस्थानकासमोर. भाऊबीजेला नवी साडी नेसायचीय? रविवारी रात्री आठच्या आत दुकानात येऊन साडी निवडा. पिको-फॉल आम्ही करून देतो, फुकट. मंगळवारी संध्याकाळी साडी तयार. अमुक साडी सेंटर, बसस्थानकासमोर."

तीस शब्दही नाहीत, पंधरा सेकंदांत वाचून होतात. नाव आणि ठिकाण सुरुवातीला आहे आणि शेवटीही, कारण भोंगा फिरून फिरून तेच वाजवतो आणि ऐकणारी मध्येच कुठेतरी सुरू होते. दोन फेऱ्यांमध्ये तीन सेकंद गप्प राहा, नाहीतर "बसस्थानकासमोर" दोनदा लागोपाठ येऊन गडबड होते. सांगितलेलं काम एकच: रविवारी आठच्या आत येऊन साडी निवडा. "मोफत"ऐवजी "फुकट" मी मुद्दाम घेतलं, भोंग्याच्या खरखरीत ते स्वच्छ ऐकू येतं. कुणाला ते हलकं वाटेल, त्यांनी "पैसे घेत नाही" म्हणावं.

इथे दुकानदार हमखास म्हणणार, "अहो, पण माझे पडदे आणि लहान मुलांचे कपडे राहिले की!" राहू द्या. साडी घ्यायला आलेल्या बाईला ते दुकानात दिसतीलच. दारात त्यांच्यासाठी वेगळी पाटी लावा. लकी ड्रॉचं कुपन बिलाबरोबर हातात द्या, रस्त्यावर सांगायची गरज नाही.

रिक्षा सोडण्याआधी एक चाचणी करा. बसस्थानकापासून थोडं लांब, चहाच्या टपरीपाशी उभे राहा आणि रिक्षा एकदा समोरून जाऊ द्या. मग चहावाल्याला विचारा, "काय म्हणत होता?" दुकान कुठलं आणि वार कुठला, एवढं त्याने सांगितलं तर मजकूर चालतो. "सेल आहे कुठेतरी" म्हणाला, तर अजून काहीतरी काढायचं राहिलंय. रिक्षावाल्याला पोलिसांचा परवाना बरोबर ठेवायला सांगा, आणि दवाखाना किंवा शाळा आली की भोंगा बंद. शांतता क्षेत्र शंभर मीटरचं असतं.

आणि सोमवारी सकाळी पेन ड्राइव्ह बदलायचा. मुदत संपल्यावरही रविवारचं आमंत्रण वाजत राहिलं, तर मंगळवारी कुणीतरी साडी घेऊन दारात उभी राहील आणि पिको-फॉल फुकट मागेल. तेव्हा तिच्याशी वाद घालू नका, करून द्या. सोमवारपासून पडद्यांची जाहिरात लावा, त्यांना पिको-फॉल लागत नाही.

नमस्कार.