सुई टोचल्यावर आईचा चेहरा

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी अंगणवाडी सेविका, आशाताई आणि शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मन ओळखण्याची क्षमता आणि बालपण’. मानसशास्त्रात याला मेंटलायझिंग म्हणतात. समोरचा माणूस असा का वागला, मी आत्ता का चिडले, यामागे काहीतरी इच्छा, भीती, समजूत असेल असं धरून विचार करणं. लंडनचे पीटर फोनागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या तीसेक वर्षांत हा विचार पुढे नेला. त्यांच्या मांडणीतली एकच गोष्ट मला आज सांगायची आहे. लेकराला स्वतःचं मन आधी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि मग ते त्याचं स्वतःचं होतं.

तुम्ही सगळ्या लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात असता, म्हणून तिथलंच उदाहरण घेते. दीड महिन्याचं लेकरू, मांडीत सुई गेली, किंचाळलं. आता आयांकडे बघा. एक आई भुवया आक्रसते, ओठ पुढे काढते, आवाज लांबवते, “अगं माय वं! लय दुखलं का माह्या राज्याले? कोनं टोचलं वं?” दुसरीच्याच डोळ्यांत पाणी, हात थरथरतात, “बाई, पाय तं नाई सुजनार ना वं?” तिसरी खुळखुळा वाजवत हसते, “काई नाई झालं, काई नाई झालं, तो पाह्य कावळा!” (हसू) हसलात, म्हणजे तिघीही तुमच्या गावात आहेत.

तिघींचंही लेकरावर सारखंच प्रेम आहे, यात मला शंका नाही. पण लेकराच्या हाती काय लागतं ते वेगळं आहे. गेर्गेली आणि वॉटसन या दोघांनी १९९६ मध्ये याची मांडणी केली. दीड महिन्याच्या जिवाला आत काहीतरी भयंकर चाललंय एवढंच कळतं. ते दुखणं आहे की भूक की भीती, हे कळत नाही. पहिल्या आईच्या चेहऱ्यावर त्याला त्या खळबळीचा आकार दिसतो. पण हे दुःख आईचं नाही, हे त्याला कसं कळावं? तिच्या अतिशयोक्तीवरून. खरंच दुखलेली बाई असा चेहरा करत नाही, इतका लांब सूर काढत नाही, आणि तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात हसू नसतं. त्या नाटकी खुणेमुळे लेकरू हळूहळू जोडतं की हे दाखवलं जातंय ते माझ्या आतलं आहे. फोनागींनी आठ महिन्यांच्या बाळांची इंजेक्शननंतरची पाहणी केली होती. ज्या आया बाळाला सगळ्यात चांगलं शांत करत, त्या बाळाची भावना चटकन चेहऱ्यावर घेत, पण तीत हसू, प्रश्न, थोडी गंमत अशी दुसरी भावनाही मिसळलेली असे.

दुसऱ्या आईच्या चेहऱ्यावर भावना बरोबर आहे, पण ती खूण नाही. लेकराला वाटतं, माझी भीती बाहेरही पसरली, आता तर आईलाही झाली. तिसरीकडे खूण आहे, पण भावना चुकीची. एखाद्या दिवशी असं झालं तर काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं हेच मिळालं, तर पोट्टं मोठं होऊन “मी मजेत आहे” म्हणतं आणि आत काय आहे ते त्याला स्वतःलाच सापडत नाही.

इथे मला एक तक्रार मांडू द्या, बरीच वर्षं मनात आहे. एका प्रशिक्षणात बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी आपल्या बायांना सांगितलं की बाळाशी बोबडं बोलू नका, भाषा बिघडते. आणि रडलं की लगेच उचलू नका, लाडावतं. बायांनी मान डोलावून वहीत लिहून घेतलं! मागे नातवाला मांडीवर घेऊन एक आजी बसली होती. ती उठून म्हणाली, “मंग लेकरानं सांगावं कोनाले?” उत्तर कुणी दिलं नाही, चहा आला. ज्या लांबवलेल्या सुराला तिथे अडाणीपणा ठरवलं, तोच सूर लेकराला स्वतःची ओळख करून देतो, हे त्या आजीच्या हाताला ठाऊक होतं. आंघोळीच्या वेळी पायांवर घेऊन तेल चोळताना ती जे बडबडते, ते ऐका कधी. आणि समोरासमोर चेहरा हाच एक रस्ता आहे असंही नाही. हायडी केलर यांनी कॅमेरूनच्या न्सो शेतकरी कुटुंबांत पाहिलं की तिथे चेहऱ्यापेक्षा अंगाशी धरणं, हालवणं, लय देणं जास्त चालतं. आपल्याकडे दोन्ही आहे. तज्ज्ञांनी नोंदवहीत वजन आणि उंची लिहायला सांगितली, ती लिहायलाच हवी. पण त्या आजीला गप्प का करायचं?

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतात. मुख्य विषय तर राहिलाच, म्हणून भरभर सांगते.

एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी खेळते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा निश्चल ठेवते. बाळ हसून बघतं, हात करतं, आवाज काढतं, शेवटी नजर वळवून कोसळतं. माझ्या डोळ्यांपुढे लगेच ती घरं येतात जिथे कर्त्या माणसानं जीव दिला. तिथल्या आईचा चेहरा कित्येक दिवस तसाच राहतो. तिला दोष देऊ नका. घरात दुसरा कुणाचा चेहरा बाळाला मिळतोय ते बघा, आत्या, आजी, मोठी बहीण, आणि आईला आधी दवाखान्यात न्या. ट्रॉनिक यांनीच हेही दाखवलं की धडधाकट आई आणि बाळाचंही बहुतेक वेळा जुळतच नाही. चुकतं, मग पुन्हा जुळवलं जातं, आणि त्या पुन्हा जुळवण्यातून लेकरू शिकतं. म्हणून कापूस वेचायला जाताना बाळाला धुऱ्यावरच्या झोळीत ठेवणाऱ्या बाईनं घाबरू नये.

पुढचा टप्पा तीन-चार वर्षांचा. या वयात मनात आलं ते खरंच बाहेर आहे, असं लेकराला वाटतं. ‘कोठीत भूत आहे’ म्हणतं तेव्हा ‘भूत नसतं’ एवढ्यानं भागत नाही. “तुले भेव वाटून रायलं ना? चाल, दोघं दिवा घेऊन पाहू,” असं म्हटलं की भीती खरी आणि भूत मनातलं, हे दोन्ही एकत्र राहतात. मनातलं आणि बाहेरचं वेगळं असू शकतं, दुसऱ्याच्या मनातलंही, हे साधारण चार वर्षांनंतर कळतं. लाडू फडताळातून डब्यात हलवला आणि दादा बाहेर होता, तर दादा कुठे शोधेल? तीन वर्षांचं डबा दाखवतं, पाच वर्षांचं बहुधा फडताळ. विमर आणि पेर्नर यांनी १९८३ मध्ये चॉकलेटची गोष्ट सांगून हीच परीक्षा घेतली होती. मन ओळखण्याची क्षमता एवढ्यावर संपत नाही. ताण वाढला की मोठ्यांचीही जाते, तुमची आणि माझीही.

तर गृहभेटीला गेल्यावर एक प्रश्न विचारा, “बाळ रडतं तवा त्याले काय होत असन, असं तुमाले वाटते?” “काय मालूम, रडतंच ते,” असं उत्तर आलं तर पुन्हा जा. “मुद्दाम करते, मले सताव्यासाठी,” असं ठामपणे आलं तर लवकर जा, कारण ही खात्री जास्त काळजीची आहे. “कधी भूक असते, कधी उकडते, काल मात्र काई समजलं नाई, मंग घेऊन फिरलो,” असं कुणी म्हणालं, तर त्या घरी वजन करा, लशीची तारीख सांगा आणि पुढच्या घरी चला.