माहितीपत्रक वाचताना : बोअर-स्ट्रोकपासून मागच्या सीटपर्यंत

मित्रहो, शोरूममध्ये हातात पडणाऱ्या माहितीपत्रकात आपण साधारणपणे तीनच गोष्टी बघतो : सीसी किती, पॉवर किती आणि किंमत किती. बोअर आणि स्ट्रोकच्या ओळीवरून नजर तशीच पुढे सरकते. मला आज त्याच ओळीपासून सुरुवात करायची आहे, कारण पुढचे बरेच आकडे तिच्यातून उलगडतात आणि काही आकडे तिच्यावरून तपासून घेता येतात.

उदाहरणाला दोन मोटारसायकली घेऊ. एक, २०२१ साली नव्या इंजिनासह आलेली रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. दुसरी, २०१७ सालची केटीएम ३९० ड्यूक, जी आपल्या चाकणच्या कारखान्यात बनली. दोन्हींना एकच सिलिंडर आहे आणि सीसीमध्ये फार फरक नाही, पण चालवायला दोन्ही अगदी वेगळ्या.

क्लासिकचा बोअर ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८५.८. बोअर म्हणजे सिलिंडरच्या आतला व्यास. स्ट्रोक म्हणजे पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जेवढा सरकतो ते अंतर. ड्यूकचा बोअर ८९ आणि स्ट्रोक ६०. म्हणजे क्लासिकचा सिलिंडर अरुंद आणि उंच, ड्यूकचा रुंद आणि बुटका. आता वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक, हा शाळेतला हिशोब करा. सेंटिमीटरमध्ये केला की उत्तर थेट सीसीत येतं. क्लासिकचं ३४९.३ आणि ड्यूकचं ३७३.३. पत्रकावरचा आकडा याच्याशी जुळला पाहिजे. एखाद्या जाहिरातीत जुळला नाही, तर समजायचं की कुठल्या तरी दुसऱ्या मॉडेलचा आकडा इथे येऊन पडला आहे.

इथे एक समज आहे, तो मी जवळजवळ प्रत्येक गप्पांच्या अड्ड्यावर ऐकतो : स्ट्रोक लांब म्हणजे टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, जास्त, कारण क्रँकचा हात लांब. हात लांब होतो हे खरं. पण सीसी तेवढीच ठेवून स्ट्रोक वाढवला की बोअर कमी करावा लागतो, पिस्टनचा माथा लहान होतो आणि जळलेल्या वायूचा दाब तेवढाच असला तरी पिस्टनवर पडणारं बळ घटतं. एका बाजूला मिळवलेलं दुसऱ्या बाजूला गेलं. टॉर्क ठरतो तो सीसी आणि सिलिंडरमधला दाब यांवर. पत्रकच बघा : क्लासिकचा टॉर्क २७ न्यूटन-मीटर, ड्यूकचा ३७. दर लिटर क्षमतेमागे मांडला, तर क्लासिकचा सुमारे ७७ आणि ड्यूकचा सुमारे ९९. आखूड स्ट्रोकचं इंजिनच पुढे आहे.

मग क्लासिक खालच्या वेगात इतकी समाधानी का वाटते? उत्तर त्याच ओळीत, पण टॉर्कच्या पुढे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : क्लासिकचा टॉर्क ४००० आरपीएमला, म्हणजे क्रँकच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांना, ड्यूकचा ७००० ला. पॉवरचंही तसंच. क्लासिकची २०.२ बीएचपी ६१०० ला, ड्यूकची ४३.५ पीएस ९००० ला. आरपीएमशिवाय टॉर्क वाचणं म्हणजे तारखेशिवाय बाजारभाव वाचणं.

आता प्रश्न असा, की क्लासिकलाही ९००० फिरवून जास्त पॉवर का काढत नाहीत? एक छोटा हिशोब करू. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर जातो, म्हणजे दोन स्ट्रोक अंतर कापतो. क्लासिकचं ८५.८ गुणिले दोन, गुणिले ६१००, भागिले ६० सेकंद. पिस्टनचा सरासरी वेग आला सेकंदाला सुमारे साडेसतरा मीटर. ड्यूकचा ६० गुणिले दोन, गुणिले ९०००, भागिले ६०. बरोबर अठरा मीटर. कागदावर आरपीएममध्ये जवळजवळ तीन हजारांचा फरक दिसतो, पण पिस्टन दोन्हींत जवळपास सारख्याच वेगानं धावतो आहे. रस्त्यावरच्या बहुतेक इंजिनांना वीस मीटरच्या आसपास मर्यादा सांभाळावी लागते, कारण त्यापुढे रिंगा, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण झपाट्यानं वाढतो. क्लासिकला ९००० फिरवलं, तर हाच वेग पंचवीस मीटरच्या वर जाईल. लांब स्ट्रोकनं आरपीएमची कमाल आधीच आखून दिलेली असते.

दुसरं कारण श्वासाचं. बोअर रुंद म्हणजे हेडमध्ये व्हॉल्व्हना जागा जास्त. ड्यूकच्या हेडमध्ये चार व्हॉल्व्ह आहेत, क्लासिकच्या हेडमध्ये दोन. वरच्या आरपीएमला हवा आत शिरायला मिळणारा वेळ फार थोडा असतो, तिथे मोठा दरवाजा कामाला येतो. खालच्या आरपीएमला मात्र लहान वाटेतून हवा वेगानं शिरते आणि सिलिंडर नीट भरतो. त्याला कॅमची मांडणी आणि जड फ्लायव्हील यांची जोड मिळाली, की क्लासिकची ती संथ, भरदार ओढ तयार होते. त्याचं श्रेय एकट्या स्ट्रोकला देऊ नका.

याच कंपनीचं आधीचं ३५० इंजिन बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं. त्याचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० होता. पॉवर १९.८ बीएचपी, ५२५० आरपीएमला. टॉर्क २८. नव्यात स्ट्रोक चार मिलिमीटरनं कमी झाला, पॉवर ६१०० पर्यंत सरकली आणि टॉर्क एकानं कमी झाला. पॉवरचा आकडा अर्ध्या बीएचपीनंसुद्धा वाढला नाही, पण इंजिनाला वर फिरायला जागा मिळाली. महामार्गावर ऐंशी-नव्वदला जाणाऱ्याला हा बदल जाणवतो, आणि तो पॉवरच्या ओळीत दिसत नाही, आरपीएमच्या ओळीत दिसतो.

कॉम्प्रेशन रेशोकडे येऊ. पिस्टन तळाशी असताना वरची एकूण जागा, भागिले पिस्टन माथ्याशी असताना उरलेली जागा. क्लासिकचा ९.५ ला १. म्हणजे पिस्टन वर पोहोचल्यावर साधारण ४१ सीसी जागा उरते. ड्यूकचा साडेबाराच्या वर आहे. तिथे सिलिंडर मोठा असूनही उरते जेमतेम ३१-३२ सीसी. मिश्रण जितकं जास्त दाबाल, तितकं त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. पण हा फायदा प्रत्येक पायरीला कमी कमी होत जातो आणि उष्णता मात्र वाढत राहते. म्हणून ड्यूकला रेडिएटर आहे आणि क्लासिकचं काम हवा-तेलावर भागतं.

जास्त दाबाचा धोका म्हणजे नॉकिंग. ठिणगीनं लावलेली ज्वाळा सगळीकडे पोहोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेटतं. टॉप गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, चढाला थ्रॉटल पिळला की टणटण असा धातूचा आवाज येतो तो हाच. टॅपेटच्या आवाजाशी त्याची गल्लत होते. फरक असा, की टॅपेट गाडी उभी असताना रिकाम्या इंजिनवरही वाजतात, नॉकिंग ओझ्याखाली येतं आणि गिअर उतरवला की थांबतं. जुन्या गाडीत पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा थर बसला, तर उरलेली जागाच कमी होते. ४१ सीसीतले तीन सीसी कार्बननं खाल्ले तर साडेनऊचा रेशो दहाच्या वर जातो, आणि जी गाडी कधी नॉक करत नव्हती ती करायला लागते. आणखी एक सांगून ठेवतो : गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन गेज लावून मिळतो तो दाब असतो, रेशो नव्हे. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसले तर दाब पडतो, पत्रकावरचा रेशो तसाच राहतो.

आता वजन. कर्ब वेट म्हणजे गाडी चालवायला तयार असतानाचं वजन : तेल, बॅटरी, कुलंट, पेट्रोल सगळं धरून, फक्त चालवणारा सोडून. ड्राय वेटमध्ये यातलं काय काय वगळलं, हे ज्याचं त्यानं ठरवलेलं असतं. क्लासिकच्या पत्रकात १९५ किलोच्या पुढे ९० टक्के इंधन असं स्पष्ट लिहिलं आहे. ड्यूक परदेशी पत्रकात १४९ किलो, तेही इंधनाशिवाय, आणि आपल्याकडच्या पत्रकात १६३. टाकीतल्या तेरा-साडेतेरा लिटर पेट्रोलचं वजन साधारण दहा किलो. वरचे तीन-चार किलो द्रव पदार्थ, साडी गार्ड आणि मोजण्याच्या पद्धतीतले फरक यांत जातात. एका गाडीचं ड्राय वेट आणि दुसऱ्या गाडीचं कर्ब वेट शेजारी मांडून होणाऱ्या तुलना मी इतक्या वेळा बघतो, की वजनाच्या ओळीत 'कर्ब' हा शब्द आहे की नाही ते आधी शोधायची सवय लावून घ्या असा माझा आग्रह आहे.

शेवटी पॉवर-टू-वेट. आधी एकक सारखं करून घ्या : २०.२ बीएचपी म्हणजे साधारण २०.५ पीएस. टनामागे काढलं तर क्लासिकचे येतात १०५ पीएस आणि ड्यूकचे २६७. अडीच पटीचा फरक. पण हा रेशो माणसाशिवायच्या गाडीचा आहे, आणि अशी गाडी रस्त्यावर कधीच धावत नाही. पंचाहत्तर किलोचा चालक बसवा. क्लासिक ७६ वर येते, ड्यूक १८३ वर. मागे पासष्ट किलोचं माणूस बसलं की क्लासिक ६१, ड्यूक १४४. ड्यूकनं आपल्या कागदी आकड्यातले ४६ टक्के गमावले, क्लासिकनं ४२. गाडी जितकी हलकी, तितकं आपलं वजन तिला जास्त भोवतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत तर दोन माणसं गाडीपेक्षा जड भरतात. तिथे पत्रकावरचा रेशो बघून निवड करण्यात अर्थ नाही.

आणि हा रेशो कमाल पॉवरवर काढलेला असतो. समजा, क्लासिकवर दोघं जण बसून घाट चढताय. शंभर मीटरला दहा मीटर चढ, वेग ताशी चाळीस. एकूण ३३५ किलो दर सेकंदाला साधारण १.१ मीटर वर उचलायचे, त्याला सुमारे ३.६ किलोवॅट लागतात. हवा, टायर आणि चेनमधली घट धरून पाच धरा. ४००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर म्हणजे ११ किलोवॅटहून जास्त, कमाल मात्र १५. म्हणजे कमाल पॉवरच्या एक तृतीयांशात काम झालं. ड्यूकला तर तिच्या ३२ किलोवॅटपैकी सहावा हिस्साही लागणार नाही. तिथे प्रश्न उरतो तो एवढाच, की २५०० आरपीएमला हे पाच किलोवॅट मिळतात का. त्यासाठी १९ न्यूटन-मीटर टॉर्क हवा. कमी पडला की गिअर उतरवायचा, आरपीएम वाढवायचे, पुन्हा चढवायचा, आणि असं प्रत्येक वळणावर.

पत्रक टॉर्कच्या वक्रावरचे दोनच बिंदू देतं : टॉर्क जिथे सर्वात जास्त तो, आणि पॉवर जिथे सर्वात जास्त तो. २५०० ला काय आहे ते त्यावर छापलेलं नसतं. म्हणून टेस्ट राइडला मागे कुणाला तरी बसवून न्या, चढ शोधा, तिसऱ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमवरून थ्रॉटल हळूहळू उघडा, आणि गाडी ओढते की कुरकुरते ते बघा.